पुनर्विकासातली सोसायटी: कोणती बातमी पाठवायची, कोणती ठेवून द्यायची

इमारत पाडली जाते त्या दिवशी सोसायटीचा सूचनाफलकही पडतो. तोपर्यंत येताजाता नजर टाकली की सभेची तारीख कळायची, लिफ्टमध्ये सचिव भेटायचे, वॉचमन निरोप द्यायचा. घरे रिकामी झाली की यातले काहीच उरत नाही. सभासद भाड्याच्या घरांत पांगतात, कोणी मुलाकडे पुण्याला जाते, कोणी परदेशी असते, आणि त्याच काळात त्यांच्या आयुष्यातली सर्वात मोठी मालमत्ता दुसऱ्याच्या हातात असते. म्हणून संपर्क आराखड्याचा तक्ता घरे रिकामी करण्याच्या नोटिशीआधी तयार हवा. हा लेख तो तक्ता भरायला बसलेल्या सचिवांसाठी आणि प्रकल्प सल्लागारांसाठी आहे.

तक्त्याचे रकाने सगळ्यांना माहीत असतात: कोणाला, काय, किती वेळा, कशाने. अडते ते शेवटच्या रकान्यात, कारण तिथे खरे तर दोन निर्णय असतात. पहिला, माहिती आपण त्या माणसाच्या हातात नेऊन द्यायची की एका जागी ठेवून त्याला येऊन बघायला सांगायचे. प्रकल्प व्यवस्थापनात पहिल्या प्रकाराला पुश म्हणतात, दुसऱ्याला पुल. सभा, फोन, प्रत्यक्ष भेट हा तिसरा प्रकार, त्यात दोन्ही बाजू बोलतात. दुसरा निर्णय माध्यमाचा, म्हणजे व्हॉट्सॲप, ईमेल, कागद की सामायिक फोल्डर. बहुतेक समित्या दुसरा निर्णय आधी घेतात. व्हॉट्सॲप गट आहेच, तर सगळे त्यावरच टाकायचे, असे ठरते आणि पुढचे सगळे घोटाळे तिथून सुरू होतात.

समजा, मुंबईच्या उपनगरातली ४८ सदनिकांची सोसायटी आहे. समिती ७ जणांची. विकासकाशी करार नोंदवून झाला आहे, बांधकामाची मुदत ३६ महिने. भाडे विकासक देणार असून पहिल्या वर्षाचे १२ पुढच्या तारखांचे धनादेश प्रत्येकाला मिळाले आहेत. तक्ता साधारण असा होईल:

| कोणाला | काय | केव्हा | कशाने | प्रकार | कोण पाठवणार |
|---|---|---|---|---|---|
| सर्व सभासद | विशेष सभेची सूचना आणि विषयपत्रिका | सभेच्या किमान १४ दिवस आधी | हातोहात देऊन सही, बाहेरगावी स्पीड पोस्ट, सोबत ईमेल | पुश, पोच हवीच | सचिव |
| सर्व सभासद | भाड्यात किंवा धनादेशात बदल | कळल्यापासून २४ तासांत | वैयक्तिक संदेश, उत्तर न आल्यास फोन | पुश | खजिनदार |
| सर्व सभासद | बांधकामाची प्रगती | दर महिन्याच्या ७ तारखेला | फोल्डरमध्ये एक पानी अहवाल, गटावर तीन ओळी आणि लिंक | पुल, सोबत पुशचा इशारा | प्रकल्प सल्लागार |
| सर्व सभासद | करार, मंजूर नकाशे, इतिवृत्ते | बदल होईल तेव्हा | सामायिक फोल्डर | पुल | सचिव |
| संबंधित सभासद | त्याच्याच घराच्या नकाशातला बदल | बदल सुचवला गेल्यावर ३ दिवसांत | ईमेल, मग वास्तुविशारदाकडे बैठक, मग लेखी उत्तर | पुश आणि संवाद | प्रकल्प सल्लागार |
| विकासक | त्रुटी, प्रलंबित मागण्या | दर आठवड्याला | साइटवर बैठक, त्याच दिवशी ईमेलने नोंद | संवाद आणि पुश | प्रकल्प सल्लागार |
| समिती | बँक हमी, धनादेश आणि परवानग्यांच्या मुदती | सतत अद्ययावत | सामायिक शीट आणि कॅलेंडरची आठवण | पुल, तारखांसाठी पुश | खजिनदार |

‘कोण पाठवणार’ हा रकाना अनेक नमुन्यांमध्ये नसतो. तो घालावाच. त्यात नाव एकच असावे, ‘समिती’ असे लिहू नये. सातजणांपैकी कोणीही पाठवू शकतो असे ठरले की कधी तीनजण पाठवतात, कधी कोणीच पाठवत नाही. याच कारणाने विकासकाशी बोलणाराही एकच ठेवावा. समितीचे ७, सल्लागार, वास्तुविशारद, वकील आणि विकासकाचा माणूस असे ११ जण एकमेकांशी थेट बोलू लागले तर जोड्या होतात ५५ (n(n−1)/2 या सूत्राने). सोसायटी, सल्लागार, वकील आणि विकासक अशा चार बाजूंचा प्रत्येकी एकच माणूस बोलला तर जोड्या उरतात ६. विकासकाला समितीतल्या दोघांकडून दोन वेगळी उत्तरे मिळाली, तर त्याला सोयीचे उत्तर तोच निवडतो.

पुश की पुल, हे कशावरून ठरवायचे

ओळ भरताना एकच प्रश्न विचारावा: या माणसाने हे पाहिलेच नाही, तर काय बिघडेल आणि किती दिवसांत? पैसे जाणार असतील, हक्क बुडणार असेल किंवा एखादी तारीख टळणार असेल, तर पुश. काहीच बिघडणार नसेल, पण कधीतरी नेमका तोच कागद लागणार असेल, तर पुल. माहिती महत्त्वाची आहे की नाही यावर हे ठरत नाही. नोंदणीकृत विकास करार हा सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे, तरी तो दर महिन्याला कोणाला पाठवायची गरज नाही. उलट ‘या महिन्याचा धनादेश १० तारखेपर्यंत बँकेत टाकू नका’ ही एक ओळ करारापुढे क्षुल्लक वाटते, पण ती वेळेत पोहोचली नाही तर धनादेश परत जातो, बँक शुल्क कापते आणि घरमालकासमोर मान खाली जाते.

पुशची किंमत पाठवणाऱ्याला दिसत नाही, कारण ती वाचणाऱ्याच्या लक्षातून वसूल होते. गटावर दिवसाला वीस संदेश येऊ लागले की सभासद गट म्यूट करतो, आणि एकदा म्यूट झालेल्या गटावर आलेली भाड्याची सूचनाही त्याच ढिगात जाते. पुलची किंमत उलट बाजूला असते. ठेवून देणाऱ्याला वाटते काम झाले, पण बघायला कोणी फिरकत नाही. विनामूल्य गूगल खात्यावरच्या फोल्डरमध्ये कोणी काय उघडले याची यादीही दिसत नाही. ती सोय गूगलच्या सशुल्क कार्यालयीन खात्यांपुरती आहे. म्हणून ‘फोल्डरमध्ये टाकले होते’ हे वाक्य वादाच्या वेळी उपयोगी पडत नाही.

माध्यमे शेजारी शेजारी ठेवली तर चित्र असे दिसते:

| | व्हॉट्सॲप गट | ईमेल | सामायिक फोल्डर | कागद, सही किंवा स्पीड पोस्ट |
|---|---|---|---|---|
| कोणी पाहिले हे कळते का | बऱ्याच अंशी | खात्रीने नाही | विनामूल्य खात्यात नाही | मिळाल्याचे कळते, वाचल्याचे नाही |
| दोन वर्षांनी सापडते का | फार कष्टाने | विषय नीट लिहिला असेल तर | सहज | फाइल नीट ठेवली तर |
| वेग | मिनिटे | तास ते दिवस | बघणाऱ्यावर अवलंबून | काही दिवस |
| कोण सुटते | स्मार्टफोन नसलेले, नंबर बदललेले | ज्येष्ठ सभासद, मेल न उघडणारे | इशारा न मिळालेले सगळेच | पत्ता न कळवलेले |
| कशासाठी घ्यावे | इशारा, तातडीची सूचना | नकाशा, पत्रव्यवहार, नोंद | दस्तऐवज, अहवाल | कायदेशीर सूचना |

व्हॉट्सॲपचा एक गुण फारसा वापरला जात नाही. गटावरच्या आपल्या संदेशावर बोट दाबून धरले की `Message info` मध्ये कोणी वाचले आणि कोणापर्यंत तो फक्त पोहोचला, ही यादी दिसते. एखाद्याने निळ्या खुणा बंद केल्या असल्या तरी गटात त्या बंद होत नाहीत. त्यामुळे इशारे देण्यासाठी फक्त ॲडमिन लिहू शकतील असा वेगळा गट करावा आणि गप्पांसाठी जुना गट राहू द्यावा. इशारा टाकल्यावर २४ तासांनी यादी पाहून उरलेल्यांना फोन करावा. ४८ घरांत ही यादी पाच-सात नावांवर येते, आणि ती नावे बहुधा दर वेळी तीच असतात. त्यांच्यासाठी तक्त्यात कायमची वेगळी ओळ करावी: माध्यम फोन, दुसरा संपर्क मुलगा किंवा सून.

गटाऐवजी ब्रॉडकास्ट यादी वापरण्याचा मोह होतो, कारण संदेश प्रत्येकाला वैयक्तिक आल्यासारखा दिसतो. पण ज्याने पाठवणाऱ्याचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला नाही, त्याला ब्रॉडकास्ट पोहोचतच नाही आणि पाठवणाऱ्याला तसे कळवलेही जात नाही. सचिव बदलले, नवा नंबर आला, आणि निम्मी सोसायटी गप्प झाली, असे यातूनच होते.

कागदाबद्दल थोडे. पुनर्विकासासाठी सहकार खात्याचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आहे. सभेची सूचना आधी द्यायची आणि तिची पोच ठेवायची, ही शिस्त त्यातून येते. व्हॉट्सॲपवर कितीही निळ्या खुणा दिसल्या तरी या ओळीत कागद काढून टाकू नये. सध्याचे नियम उपनिबंधक कार्यालयातून एकदा तपासून घ्यावेत. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, त्यामुळे जुन्या नमुन्यात ‘रजि. ए. डी.’ लिहिलेले असेल तर तिथे दुरुस्ती करावी आणि टपाल कचेरीत पोच मागून घ्यावी. खरी अडचण मात्र पत्त्याची असते. सभासद भाड्याचे घर ११ महिन्यांनी बदलतो आणि सोसायटीला कळवत नाही. घराची किल्ली सोपवताना भरून घ्यायच्या अर्जातच सध्याचा पत्ता, दोन फोन नंबर, ईमेल आणि सहमालकाचे नाव घ्यावे, आणि दर सहा महिन्यांनी ‘पत्ता बदलला का’ हा एक ओळीचा संदेश तक्त्यात टाकावा.

भाडे उशिरा येणार: पुशची कसोटी

समजा, १३व्या महिन्याचे धनादेश विकासकाने दिलेले नाहीत. महिन्याच्या २८ तारखेला त्याचा माणूस सल्लागाराला सांगतो की रक्कम ५ ऐवजी १५ तारखेला थेट खात्यात जमा होईल. आता गटावर असा संदेश जातो:

> सर्व सभासदांना कळविण्यात येते की काही तांत्रिक कारणांमुळे भाडे मिळण्यास थोडा विलंब होण्याची शक्यता आहे. समिती पाठपुरावा करीत आहे. सहकार्य अपेक्षित.

या संदेशातून सभासदाने काय करायचे ते कळत नाही. किती विलंब, किती रक्कम, घरमालकाला काय सांगायचे, पुन्हा कधी कळणार, यातले काहीच नाही. त्यामुळे तासाभरात ‘विकासक पळाला का?’ इथपर्यंत चर्चा जाते, आणि खजिनदाराला चाळीस फोन येतात. तोच निरोप असा जायला हवा:

> जून महिन्याचे भाडे ५ ऐवजी १५ जूनला तुमच्या बँक खात्यात जमा होईल, असे विकासकाने आज ईमेलने कळवले आहे. रक्कम नेहमीइतकीच. खात्याचा क्रमांक बदललेला असेल तर ३ जूनपर्यंत मला एकट्याला कळवा, गटावर टाकू नका. १६ जूनला सकाळी ११ पर्यंत रक्कम आली की नाही ते मला ‘आली’ किंवा ‘नाही’ असे लिहा. त्यापुढचे त्याच दिवशी सायंकाळी ७ ला कळवेन. – खजिनदार

यात चार गोष्टी आहेत: काय बदलले, कोणाच्या शब्दावर, तुम्ही काय करायचे, आणि पुढची खबर कधी. पुशच्या प्रत्येक संदेशात या चारही असाव्यात. ‘विकासकाने ईमेलने कळवले’ हे शब्द मुद्दाम आहेत. तोंडी आश्वासनावर सोसायटीच्या नावाने तारीख जाहीर केली, तर ती तारीख चुकल्यावर दोष समितीकडे येतो. म्हणून आधी विकासकाकडून लेखी घ्यावे, त्यासाठी दोन-चार तास गेले तरी चालतील. फार तर गटावर एक ओळ टाकावी की भाड्याबद्दल आज सायंकाळी ७ ला निश्चित माहिती मिळेल.

बँक तपशील गटावर मागवू नये, आणि आधारची प्रत तर कधीच नाही. ४८ जणांच्या गटातला संदेश आणखी किती ठिकाणी पुढे जातो ते कोणाला सांगता येत नाही.

हा संदेश पुलने का चालणार नाही? फोल्डरमध्ये ‘भाडे स्थिती’ नावाची शीट ठेवून रोज अद्ययावत केली तरी सभासद ती पाहील पैसे न आल्यावर, म्हणजे घरमालकाचा फोन येऊन गेल्यावर. शीट उपयोगी आहे, पण ती समितीसाठी: कोणाचे आले, कोणाचे नाही, कोणाचा धनादेश परत गेला. धनादेश त्यावरच्या तारखेपासून तीनच महिने चालतो, हेही त्याच शीटमध्ये रकान्याने दिसावे. परदेशी असलेल्या सभासदाच्या कपाटात चार धनादेश पडून मुदत संपल्याचे वर्षभराने समजते, ते यामुळे टळते.

नकाशे: इथे पुश नुकसान करतो

आता उलट उदाहरण. महापालिकेकडून नकाशे मंजूर होतात, मग सुधारित होतात, मग पुन्हा. प्रत्येक वेळी पीडीएफ गटावर टाकली, तर ३६ महिन्यांत एका सभासदाच्या फोनमध्ये त्याच मजल्याचे पाच नकाशे जमतात, आणि सुताराला मोजमाप द्यायला तो नेमका दुसरा उघडतो. गटावरची फाइल परत घेता येत नाही. संदेश सगळ्यांसाठी पुसायची मुदतही दोन दिवसांच्या आसपासच असते, आणि तोपर्यंत ती डाउनलोड होऊन पुढे गेलेली असते.

दस्तऐवजाची जागा एकच असावी आणि तिचा पत्ता कधी बदलू नये. गूगल ड्राइव्हवर हे करता येते. सुधारित नकाशा नवी फाइल म्हणून न चढवता जुन्याच फाइलवर `Manage versions` मधून चढवला की लिंक तीच राहते आणि उघडणाऱ्याला ताजाच नकाशा दिसतो. एक खबरदारी घ्यावी लागते. पीडीएफसारख्या फाइलची जुनी आवृत्ती ३० दिवसांनी किंवा १०० आवृत्त्या झाल्यावर पुसली जाऊ शकते. वादात जुना नकाशाच लागतो, म्हणून प्रत्येक आवृत्तीवर `Keep forever` लावावे, किंवा जुनी प्रत तारीख घालून ‘रद्द’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी. दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे, कारण तो पुढच्या सचिवालाही न शिकवता समजतो.

फोल्डर सचिवांच्या खासगी खात्यावर नको. सोसायटीच्या नावाचे खाते काढावे आणि पासवर्ड दोघांकडे असावा. सचिवांनी राजीनामा दिला आणि फोल्डर त्यांच्याबरोबर गेला, असे झाले तर पुल संपला. परवानगी `Restricted` ठेवून सभासदांचे ईमेल घालावेत. लिंक असलेल्या कोणालाही उघडेल अशी सेटिंग ठेवली तर ती लिंक दलालांपर्यंत जाते. ईमेल नसलेल्या सभासदांसाठी महिन्यातून एकदा छापील संच सल्लागाराच्या कार्यालयात ठेवावा. तोही पुलच आहे, फक्त कागदाचा.

फोल्डरमध्ये पहिल्या पातळीवर पाच-सहापेक्षा जास्त उपफोल्डर नसावेत: करार, मंजुऱ्या आणि नकाशे, सभा, मासिक अहवाल, रद्द. सभासद वर्षातून दोनदा इथे येणार. त्याला दुसऱ्या टिचकीत कागद सापडला नाही तर तो सचिवांना फोन करेल, आणि तुमचा पुल पुन्हा फोनवरचा पुश होईल. ‘तो कागद जरा पाठवा ना’ असे महिन्यात कितीजणांनी विचारले हे मोजावे. फोल्डर चालतो की नाही हे त्यावरून कळते. उत्तर देताना फाइल पाठवू नये, त्या फाइलची लिंक पाठवावी. तीन-चार महिन्यांत सवय लागते.

नकाशांतही एक ओळ मात्र पुशची आहे. बदल एखाद्याच्या घरातच असेल, उदाहरणार्थ ३०२ क्रमांकाच्या घरात स्तंभ सरकल्यामुळे स्वयंपाकघराची रुंदी कमी होत असेल, तर ‘सुधारित नकाशा फोल्डरमध्ये आहे’ असे म्हणून भागत नाही. त्या सभासदाला आणि सहमालकालाही ईमेल जावा, त्यात जुने आणि नवे मोजमाप शेजारी शेजारी, चटई क्षेत्र करारातल्या आकड्याइतके राहते का हे स्पष्ट, आणि उत्तराची तारीख. मग बैठक. बैठकीत ‘हो, चालेल’ म्हटलेले त्याच दिवशी ईमेलवर लिहून घ्यावे. ताब्याच्या वेळचे बरेचसे वाद याच ठिकाणी उगवतात, आणि तेव्हा भिंत उभी असते.

मासिक अहवाल: दोन्हींची जोड

प्रगतीचा अहवाल आठवड्याला द्यायचा की महिन्याला, यावर समितीत नेहमी चर्चा होते. वारंवारता काम किती वेगाने बदलते त्यावरून ठरवावी. उंच इमारतीत एका मजल्याचा स्लॅब पडायला साधारण दहा ते पंधरा दिवस लागतात. म्हणजे आठवड्याच्या अहवालात सभासदाला सांगण्यासारखे फारसे नसते. महिन्यात दोन-तीन मजले चढतात, तेवढे पुरेसे. सल्लागाराची मात्र आठवड्याची नोंद हवी, कारण सळई कमी आली किंवा काँक्रीटचे ठोकळे ताकदीत नापास झाले तर महिनाभर थांबून चालत नाही. एकाच विषयाच्या दोन ओळी, दोन वाचक, दोन वारंवारता.

अहवाल खरा कसाला लागतो तो पाया खोदण्याच्या काळात. त्या महिन्यांत रस्त्यावरून पत्र्याच्या कुंपणापलीकडे काहीच दिसत नाही आणि ‘काम बंद आहे’ ही अफवा उठते. काही घडले नाही तरी ७ तारखेला अहवाल जावा, त्यात ‘या महिन्यात परवानगीची वाट पाहत काम थांबले, अर्ज अमुक तारखेला दिला आहे’ असे लिहिलेले असावे. एकदा ७ तारीख चुकली की ९ तारखेपासून फोन सुरू होतात.

पानभर अहवालात चार भाग पुरेत: ठरलेले काम आणि झालेले काम, दोन फोटो (दर महिन्याला त्याच कोपऱ्यातून काढलेले, म्हणजे फरक दिसतो), अडलेल्या परवानग्या, पुढच्या महिन्याचे लक्ष्य. पूर्ण अहवाल फोल्डरमध्ये, गटावर तीन ओळी आणि लिंक. त्या तीन ओळींत मुख्य आकडा असावा: ‘९व्या मजल्याचा स्लॅब २ तारखेला झाला, वेळापत्रकापेक्षा ११ दिवस मागे.’ नुसते ‘जूनचा अहवाल अपलोड केला आहे, कृपया पाहावा’ असे लिहिले तर फार थोडे उघडतात. आकडा वाचून ज्याला कारण जाणून घ्यायचे आहे तो लिंक उघडतोच, आणि ज्याला नाही त्यालाही मुख्य गोष्ट कळलेली असते.

विक्रीच्या सदनिकांसाठी प्रकल्प महारेराकडे नोंदवलेला असेल, तर विकासकाला तिथे दर तिमाहीला प्रगती भरावी लागते आणि ती `maharera.maharashtra.gov.in` वर कोणालाही पाहता येते. हा तयार पुल आहे. तो सोसायटीच्या अहवालाला पर्याय नाही, कारण भरणारा विकासकच असतो. पण दर तीन महिन्यांनी सल्लागाराने आपला आकडा त्याच्याशी ताडून पाहावा. फरक दिसला तर पुढच्या आठवड्याच्या बैठकीत तो पहिला विषय.

समितीने स्वतःसाठी केलेली चूक

तक्त्यातली शेवटची ओळ सगळ्यात निष्काळजीपणे भरली जाते. सभासदांना पाठवायचे म्हणून समिती खूप विचार करते, स्वतःसाठी मात्र एक शीट उघडून ठेवते आणि गृहीत धरते की सातजण ती पाहतील. बँक हमीची मुदत या शीटमध्ये ठळक अक्षरांत लिहिलेली असते, तरी ती तारीख निघून जाते. हमीवर दावा तिच्यात लिहिलेल्या मुदतीतच करता येतो. विकासकाने नूतनीकरण केले नाही आणि आपल्याला उशिरा लक्षात आले, तर हातातली सर्वात मोठी सुरक्षा गेली.

पुलमध्ये ठेवलेली प्रत्येक तारीख म्हणून पुशमध्येही असायला हवी. सोसायटीच्या खात्यातल्या कॅलेंडरमध्ये हमी संपण्याआधी ९०, ६० आणि ३० दिवसांच्या आठवणी घालाव्यात, आणि त्या खजिनदार, सचिव आणि वकील तिघांना जाव्यात. ९०व्या दिवशी विकासकाला नूतनीकरणाचे पत्र, ६०व्या दिवशी समितीची बैठक, ३०व्या दिवशी वकिलांना लेखी सूचना. हमी बँकेकडूनच आली आहे याची बँकेशी थेट पत्राने खात्री करणे ही याच ओळीतली एकदाच करायची नोंद.

भाडे, नकाशे, अहवाल आणि मुदती या चार ओळी नीट लावल्या की बाकीच्या ओळी तासाभरात भरून होतात. तक्त्याला खाली तारीख टाकावी आणि तो तीन टप्प्यांवर पुन्हा उघडावा: इमारत पाडली जाताना, बांधकाम सुरू करण्याचा दाखला मिळाल्यावर, आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या तीन महिने आधी. शेवटच्या वेळी भाड्याची ओळ काढू नये. ताबा मिळेपर्यंत ती चालू राहते, आणि ताब्याच्या तारखा पुढेमागे होण्याचा काळ हाच असतो. तेव्हा २४ तासांची अट तशीच ठेवून तिथे घर पाहणीच्या वेळा, त्रुटींची यादी आणि वीजमीटरच्या अर्जांची ओळ वाढवावी, प्रत्येकासमोर एकेक नाव लिहून.